अरबीतला 'मा': नाही, काय, जे की वाहवा?

निफाडकर
मंडळी, एक प्रश्न आहे. प्रश्नामागचा प्रसंग आधी सांगतो, म्हणजे तो का पडला ते कळेल.

मी द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कागदपत्रं बघतो. दुबईच्या व्यापाऱ्यांशी बोलणं बहुतेक इंग्रजीत चालतं, पण एक जुने खरेदीदार अरबीतच लिहितात. त्यांच्यासाठी मी दीड वर्षापासून रविवारच्या क्लासला जाऊन अरबी शिकतोय. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून एक तक्ता आला. मी तो बसमध्ये मोबाईलवर उघडला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं 'मा वसल' आणि खाली आमच्या अकरा पॅलेटचे नंबर. 'वसल' म्हणजे पोचला आणि 'मा' म्हणजे नाही, एवढं मला येत होतं. मी साहेबांना लगेच फोन लावला की अकराच्या अकरा पॅलेट पोचलेल्या नाहीत. साहेबांनी शिपिंग एजंटला धारेवर धरलं. तासाभराने कळलं की सगळा माल कालच गोदामात उतरलाय. 'मा वसल' म्हणजे तिथे 'जे पोचलं ते' असा अर्थ होता.

मला मनापासून वाईट वाटलं, कारण एजंटची काहीच चूक नव्हती. क्लासच्या वहीत 'मा'पुढे चार अर्थ लिहिलेत: नाही, काय, जे, आणि 'किती छान!' मधलं किती. चारही पाठ आहेत. पण समोर आलेल्या वाक्यातला 'मा' यातला कोणता हे ओळखायचं कसं? लिहिताना तर चौघांचं रूप एकच, मीम आणि अलिफ.

संस्कृतप्रेमी
'मा फलेषु कदाचन' मधला 'मा' निषेधाचाच आहे. 'मा शुचः' म्हणजे शोक करू नकोस. त्याला प्रश्नाचा किंवा कौतुकाचा अर्थ कधीच नसतो. हे चार अर्थ तुम्हाला कोणी शिकवले?

निफाडकर
काका, मी अरबीबद्दल विचारतोय. संस्कृतातला 'मा' निराळा.

संस्कृतप्रेमी
अरे हो, शीर्षक नीट वाचलं नाही. पण दोन्हीकडे 'मा' म्हणजे नको-नाही, याची गंमत वाटली. वाचत राहतो.

मस्कतवाली
सोळा वर्षं मस्कतमध्ये काढली आहेत, त्यामुळे ठामपणे सांगते: 'मा' म्हणजे नाही. बाकीचं सगळं पुस्तकी आहे. 'मा फी' म्हणजे नाहीये, 'मा अरिफ' म्हणजे मला माहीत नाही, 'मा अबगा' म्हणजे नको मला. 'काय' विचारायचं असेल तर लोक 'एश' म्हणतात. 'जे' म्हणायचं असेल तर 'इल्ली'. पोचलेला माल म्हणजे 'इल्ली वसल'. तुमच्या खरेदीदारानेच लिहिताना घोळ केलाय.

नवीन गेले तेव्हा दुकानदार 'मा फी, मा फी' म्हणायचा आणि मला वाटायचं की बिचारा सारखी माफी का मागतोय. मीच उलट 'असू दे, असू दे' म्हणत होते.

वाफाळता_चहा
'मा फी' आणि माफी 😄 आमच्या चुलतभावाचंही सौदीत अगदी हेच झालं होतं.

शब्दवेडी
अरबी येत नाही, पण मला हा प्रश्न ओळखीचा वाटतोय. मराठीतला 'काय' घ्या.

'काय झालं?' हा प्रश्न. 'काय पाऊस पडला काल!' हा उद्गार. 'काय हवं ते घे' इथे 'काय' म्हणजे जे. आणि 'तो काय येतोय आता' म्हणजे तो येत नाही. चारही कामं एकच शब्द करतो आणि आपण कधी अडखळत नाही. का? कारण सूर बदलतो, आणि शेजारी 'ते' आहे की नाही हे कान आपोआप टिपतो. अरबीतही शेजारचे शब्दच सांगत असणार. फक्त कोणते, ते जाणकारांनी सांगावं.

निफाडकर
ताई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! 'तो काय येतोय' तर अगदी नकारच आहे.

दाभोळचा_हुसेन
निफाडकर, तुमच्या तक्त्यापासूनच सुरुवात करू, कारण तो फार चांगला नमुना आहे. आधी एक सांगा. अरबी उजवीकडून डावीकडे जाते. मोबाईलवर तुम्हाला फक्त उजवीकडचा रकाना दिसत होता का? डावीकडे सरकवल्यावर दुसरा रकाना होता का, आणि त्यावर काय लिहिलं होतं?

निफाडकर
हुसेनभाई, होता! तेव्हा सरकवून पाहिलंच नाही. आत्ता बघून लिहितो: 'मा लम यसिल'. खाली काही नाही, रकाना रिकामा आहे.

दाभोळचा_हुसेन
मग कोडं तिथेच सुटतं. 'लम यसिल' म्हणजे पोचला नाही. नकाराचं काम 'लम' करून मोकळा झालाय. त्याच्या आधीचा 'मा' पुन्हा नकाराचा असू शकत नाही, एका क्रियापदाला दोन नकार कशाला? म्हणजे तो 'जे' आहे: 'जे पोचलं नाही ते'. आणि दोन रकाने जोडीने आलेत म्हटल्यावर पहिला 'मा'ही 'जे'च. 'जे पोचलं ते' आणि 'जे पोचलं नाही ते'. एकट्या 'मा वसल' कडे बघून मीसुद्धा खात्रीने सांगू शकलो नसतो. त्या दोन शब्दांत दोन्ही अर्थ सरळ बसतात. तुमचं व्याकरण बरोबर होतं, अर्धा तक्ता बघायचा राहिला.

आता मस्कतवाली ताईंचं. त्या म्हणतात ते बोलण्यापुरतं खरं आहे. आखातातल्या बोलीत 'मा' जवळजवळ कायम नकाराचाच असतो, कारण बाकीची कामं 'एश' आणि 'इल्ली' यांनी उचलली आहेत. पण लिहिण्याची अरबी वेगळी. तिथे 'इल्ली' चालत नाही, 'मा' किंवा 'अल्लज़ी' येतो. खरेदीदाराने चूक केलेली नाही, तो लिखाणाची भाषा लिहीत होता. हाच मजकूर त्याने व्हॉट्सॲपवर चार शब्दांत पाठवला असता, तर मीही 'पोचला नाही' असंच वाचलं असतं.

मस्कतवाली
मान्य. मी वाचायला कधी शिकलेच नाही, सगळं कानावरचं आहे.

परदेशी_पुणेकर
मी एक सोपा नियम शिकलो होतो. 'मा'नंतर क्रियापद आलं तर नकार, नाम आलं तर प्रश्न. 'मा कतब', त्याने लिहिलं नाही. 'मा इस्मुक?', तुझं नाव काय? माझं तरी यावर भागतं.

दाभोळचा_हुसेन
पुणेकर, पहिल्या धड्यापुरता नियम ठीक आहे, पण दोन्ही बाजूंनी फसतो. 'मा'नंतर नाम येऊनही नकार असतो. कुराणात यूसुफला पाहून बायका म्हणतात 'मा हाज़ा बशरन', हा माणूस नव्हेच. आणि तुमचा 'मा हाज़ा?' म्हणजे हे काय आहे. सुरुवातीचे दोन शब्द तेच. फरक एवढाच की प्रश्न 'हाज़ा'वर पूर्ण होतो, आणि नकाराला 'कोण नव्हे' ते पुढे सांगावंच लागतं. क्रियापद आलं की नकारच, हे तर तक्त्यानेच खोटं ठरवलं.

मी पोरांना शिकवताना वेगळं सांगतो. 'मा' काढून तिथे दुसरा शब्द ठेवून बघा. 'अल्लज़ी', म्हणजे 'जे', ठेवल्यावर वाक्य उभं राहतं का? मग अख्ख्या वाक्यात त्या तुकड्याला जागा आहे का, म्हणजे आधीच्या क्रियापदाला कर्ता किंवा कर्म हवंय का, ते बघा. तुमच्या खरेदीदाराने असं लिहिलं समजा: 'मा वसल मा अरसल्तुम'. अरसल्तुम म्हणजे तुम्ही पाठवलंत. दोन 'मा' आहेत. दुसऱ्याच्या जागी 'जे' ठेवा: 'तुम्ही जे पाठवलंत ते'. छान बसतं, आणि 'वसल'ला कर्ता मिळतो. आता पहिल्यालाही 'जे' म्हणून बघा: 'जे पोचलं, जे तुम्ही पाठवलंत...' वाक्य लटकतं, पूर्ण होत नाही. म्हणजे पहिला नकार: 'तुम्ही पाठवलेलं पोचलं नाही'. असा मेल आला तर मात्र साहेबांना बिनधास्त फोन लावा.

निफाडकर
हे कागदावर लिहून टेबलासमोर लावलं. आणि प्रश्नाचा 'मा'?

दाभोळचा_हुसेन
प्रश्नाचा 'मा' बहुतेक वाक्याच्या तोंडाशी असतो, आणि त्याच्यापुढे क्रियापद असेल तर लिहिणारे 'माज़ा' पसंत करतात, त्यामुळे तिथे गोंधळ कमी. पण एक खूण अशी आहे की ती डोळ्यांनीच दिसते. 'बद्दल', 'ने', 'मध्ये' असा शब्द आधी चिकटला तर प्रश्नाच्या 'मा'चा अलिफ गळतो. 'जे'चा गळत नाही.

मदरशात सगळ्यात आधी हातात येतो तो कुराणाचा एक भाग, अम्म पारा. त्याचं नावच या खुणेवरून पडलंय. 'अम्म यतसाअलून', कशाबद्दल विचारताहेत हे लोक? मूळ 'अन' अधिक 'मा', पण प्रश्न म्हणून अलिफ गेला आणि 'अम्म' उरलं. आता दुसरीकडची ओळ: 'व मल्लाहु बि-ग़ाफिलिन अम्मा तअमलून', तुम्ही जे करता त्याबद्दल अल्लाह बेखबर नाही. इथे 'अम्मा' लांब आहे, अलिफ शाबूत, म्हणून 'जे'. त्याच ओळीतला आधीचा 'मा' नकाराचा आहे, आणि तोही खूण सोडून गेलाय: 'ग़ाफिल'ला पुढे चिकटलेला 'बि'. नकार ठासून सांगायचा असला की तो येतो. 'मा' दिसला आणि पुढे कुठे असा 'बि' किंवा 'इल्ला', म्हणजे 'खेरीज', दिसला, तर आधी नकार धरून वाचायचं.

लहानपणी मी 'अम्म' आणि 'अम्मा' सारखंच म्हणायचो. आमचे उस्ताद थांबवायचे आणि म्हणायचे, 'अरे, तू विचारतोयस की सांगतोयस?'

शब्दवेडी
किती सुंदर! म्हणजे लिहिताना चौघांचं रूप एकच असतं, हेही पूर्ण खरं नाही.

हुसेनभाई, एक शंका. 'माशाअल्ला' मधला 'मा' उद्गाराचाच ना? कौतुकाने म्हणतात तो.

परदेशी_पुणेकर
अर्थातच उद्गार. 'काय हे अल्लाहचं!' असं काहीतरी.

दाभोळचा_हुसेन
नाही हो. तो 'जे' आहे. 'शाअ' म्हणजे इच्छिलं. अल्लाहने जे इच्छिलं ते. आपण तो कौतुकाच्या वेळी वापरतो म्हणून उद्गार वाटतो. पण कौतुक प्रसंगात आहे, 'मा'मध्ये नाही. आणि तुमच्या मराठीतला 'माजरा' घ्या, 'काय माजरा आहे?' तोही हाच 'मा'. 'मा जरा', जे घडलं ते.

वाफाळता_चहा
म्हणजे 'काय माजरा आहे' म्हणजे 'काय, जे घडलं ते, आहे'. आयुष्यभर म्हणतोय आणि आज कळलं!

मस्कतवाली
मला आत्ता आठवलं. माझी मुलगी तिथेच जन्मली. शेजारीण तिला बघून 'महलाहा, महलाहा' म्हणायची. तो 'म' पण हाच का? माझ्या 'मा म्हणजे नाही'ला अपवाद दिसतोय.

दाभोळचा_हुसेन
ताई, अगदी तोच! 'मा अहलाहा', किती गोड आहे ही! बोलीत उद्गाराचा 'मा' असा जिवंत राहिलाय, क्रियापदाला इतका चिकटून की वेगळा दिसत नाही.

आता उद्गाराचं सांगतोच. त्याचा साचा ठरलेला असतो. 'मा'नंतर 'अहसन', 'अजमल', 'अहला' अशा घडणीचा शब्द, आणि ज्याचं कौतुक त्या नामावर ज़बर, म्हणजे 'अ'ची मात्रा; 'उ'ची असते ती पेश. व्याकरणाचा बाप सीबवैह याचा उलगडा असा करतो की 'काहीतरी चीज आहे जिने ज़ैदला सुंदर केलं'. ज़ैद कर्म झाला, म्हणून त्याला ज़बर. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, 'अहसन'चा न पूर्ण उच्चारून:
'मा अहसन ज़ैदन!' ज़ैद किती छान!
'मा अहसन ज़ैदुन.' ज़ैदने चांगलं केलं नाही. इथे तो कर्ता आहे.
'मा अहसनु ज़ैदिन?' ज़ैदमधलं सर्वांत छान काय?

मराठीत जे काम सूर करतो, ते इथे शेवटची मात्रा करते. अबुल अस्वद दुअली म्हणून बसऱ्याचे एक विद्वान होते, हिजरी 69 च्या सुमारास वारले. त्यांची गोष्ट सांगतात. मुलगी आकाशाकडे बघून म्हणाली, 'मा अहसनुस्समाइ'. बाप म्हणाला, 'त्याचे तारे.' मुलगी म्हणाली, 'मी विचारत नव्हते, मला नवल वाटलं.' त्यावर बाप म्हणाला, 'मग मात्रा बदल, 'मा अहसनस्समाअ' म्हण.' गोष्ट घडली असो वा नसो, चूक कुठे होते ते नेमकं तिच्यात आलंय.

परदेशी_पुणेकर
पण छापील अरबीत मात्रा नसतातच! वर्तमानपत्रात ज़बर-पेश कोण देतो? मग ही तीन वाक्यं एकसारखीच दिसणार.

दाभोळचा_हुसेन
ज़ैदला थोडी सूट मिळते. 'ज़ैदन' लिहिताना शेवटी अलिफ येतो, त्यामुळे उद्गार डोळ्यांना दिसतो. पण नामाला 'अल' लागला असेल, 'आकाश'सारखा, तर काहीच दिसत नाही. तेव्हा प्रसंग हाच आधार.

आणि प्रसंगही नेहमी पुरत नाही, हेही सांगायला हवं. कुराणात हारूत-मारूतचा उल्लेख येतो तिथे 'व मा उंज़िल अलल-मलकैन' आहे. तो 'मा' 'जे' धरला तर अर्थ होतो, 'आणि दोन फरिश्त्यांवर जे उतरवलं गेलं ते'. नकार धरला तर, 'आणि फरिश्त्यांवर काही उतरवलं गेलं नाही'. अर्थ उलटा होतो. कुराणाच्या भाष्यकारांपैकी तबरीने 'जे' पसंत केलं, कुर्तुबीने नकार. त्याच आयतीत जरा आधी 'व मा कफर सुलैमान' आहे, तो सरळ नकार. कुर्तुबी म्हणतात हाही त्यालाच जोडलेला. मला स्वतःला तबरींचं पटतं, कारण पुढे ते दोघे लोकांना शिकवताना दिसतात. पण आमच्याच घरात यावर दोन मतं आहेत, वडील कुर्तुबींकडचे.

संस्कृतप्रेमी
टीकाकारांचे असे वाद आमच्याकडेही आहेत. पदच्छेद कुठे करायचा यावर पानंच्या पानं लिहिलेली सापडतात. हुसेनराव, फार चांगलं लिहिता आहात. पहिला प्रतिसाद घाईत दिला, त्याबद्दल क्षमा करा.

दाभोळचा_हुसेन
काका, त्यात क्षमा कसली. तुमच्या 'मा'ची आम्हालाही ओळख झाली.

वाफाळता_चहा
मालवणात 'जेवलंस मां?' म्हणतात तो कुठला मा? 🙂

शब्दवेडी
तो आपला 'ना' हो, 'जेवलास ना?' वेगळा धागा काढा, मी येते.

निफाडकर
मंडळी, परत आलो, आणि नवा 'मा' घेऊन आलोय. आज सकाळी त्याच खरेदीदारांचा मेल आला. सुरुवातीला सलाम-दुआ, मग एक ओळ: 'मा अजवद अल-इनब हाज़िहिस्सनह'. मात्रा नाहीत, प्रश्नचिन्ह नाही, उद्गारचिन्ह नाही, पूर्णविराम पण नाही. इनब म्हणजे द्राक्षं आणि 'अजवद' म्हणजे जास्त उत्तम, हे कोशात पाहिलं.

हुसेनभाईंच्या पद्धतीने बसवून पाहिलं. 'जे' बसत नाही, पुढे काही नाही, लटकतं. नकार धरला तर द्राक्षांनी काहीतरी चांगलं केलं नाही असं विचित्र होतं. उरले दोन. 'यंदाची द्राक्षं किती उत्तम!' किंवा 'यंदा सगळ्यात उत्तम द्राक्ष कोणतं?' पहिलं असेल तर आभार मानायचे, दुसरं असेल तर थॉम्पसन, सोनाका, शरद यांचे नमुने आणि भाव कळवायचे. 'द'वर ज़बर आहे की पेश, त्यावर पुढची ऑर्डर!

परदेशी_पुणेकर
प्रश्नच. व्यापारी माणूस मेलमध्ये कौतुक कशाला करेल?

मस्कतवाली
करतात हो! तिथे कामाचं बोलण्याआधी अशी दोन वाक्यं हवीतच.

दाभोळचा_हुसेन
मला उद्गार वाटतो. जात कोणती विचारायची असती तर त्यांनी 'अन्वाअ', म्हणजे प्रकार, हा शब्द घातला असता, 'मा अजवद अन्वाइल-इनब'. किंवा सरळ 'अय्यु' ने विचारलं असतं, म्हणजे 'कोणतं'. शिवाय माल नुकताच उतरलाय, सलामानंतरची पहिलीच ओळ आहे. पण शपथेवर सांगणार नाही. पुढच्या ओळीत काय आहे?

निफाडकर
पुढची ओळ बिलाबद्दल आहे, द्राक्षांचा उल्लेख नाही. मी दोन्ही केलं. आधी आभार मानले, यंदा थंडी चांगली पडली म्हणून गोडी उतरली असं लिहिलं, आणि 'आपल्या सोयीसाठी' म्हणून तिन्ही जातींचे भाव खाली जोडले.

शब्दवेडी
हे बेस्ट केलंत. उत्तर आलं की सांगा.

निफाडकर
आलं उत्तर. फक्त दोन शब्द: 'मा कस्सर्तुम'. कोशात 'कस्सर' म्हणजे कमी पडणं, कुचराई करणं. आपला 'कसूर' तिथलाच असावा. 'जे' म्हणून वाचलं तर 'तुम्ही जी कुचराई केलीत ती', आणि पोटात गोळाच आला. मग टेबलासमोरचा कागद वाचला: आधी क्रियापद नाही, पुढे काही नाही, 'जे' म्हटलं तर लटकतं. म्हणजे नकार. 'तुम्ही कसूर केली नाहीत.' बरोबर ना? साहेबांना सांगण्याआधी इथे विचारतोय.

मस्कतवाली
बरोबर! हे मला झोपेतही कळेल. तिथे मनापासून आभार मानायचे असले की असंच म्हणतात, तुम्ही काही कमी केलं नाहीत. साहेबांना फोन लावा, आणि त्या एजंटलाही.

निफाडकर
एजंटला आधी लावला. ऑर्डर शरदची आहे, दोन कंटेनर. पण त्या 'अजवद'च्या ओळीत त्यांनी विचारलं होतं की कौतुक केलं होतं, ते अजून कळलेलं नाही.